होलसेलरकडे जास्त दिवसांची उधारी मागताय? या चुका टाळा

लातूर, धाराशिव, बीड या सोयाबीनच्या पट्ट्यातल्या गावात किराणा दुकान चालवणाऱ्याचं वर्ष दोन तुकड्यांत विभागलेलं असतं. जूनमध्ये पेरणी झाली की गिऱ्हाइकाच्या हातातला पैसा बियाणं, खत, फवारणीत जातो आणि किराणा वहीवर चढू लागतो. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघालं, मोंढ्यावर गेलं, की वही उतरू लागते. होलसेलर मात्र बाराही महिने एकाच मुदतीने पैसे मागतो. मधल्या चार महिन्यांची ही ओढाताण निभावण्यासाठी त्याच्याकडे वाढीव मुदत मागणं यात काहीच वावगं नाही. जुनं खातं असेल तर बहुतेक होलसेलर ऐकूनही घेतात. तरीही कितीतरी चांगल्या दुकानदारांना नकार मिळतो, किंवा मुदत मिळते आणि डिसेंबरात संबंध बिघडलेले असतात. याचं कारण बहुधा मागण्याच्या पद्धतीत सापडतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच चालवू. औसा तालुक्यातल्या एका गावातलं दुकान. लातूरच्या गंजगोलाईतल्या एका होलसेलरकडून महिन्याला साधारण 1,80,000 रुपयांचा माल येतो, म्हणजे सरासरी दिवसाला 6,000 चा. सध्याची मुदत 21 दिवस. दुकानदाराला पावसाळ्यापुरती 35 दिवसांची मुदत हवी आहे.

दिवस मागितले, रक्कम सांगितलीच नाही

"शेठ, जरा चौदा दिवस वाढवून द्या" हे वाक्य दुकानदाराला किरकोळ वाटतं. होलसेलरच्या डोक्यात त्याच क्षणी वेगळा आकडा फिरतो. दिवसाला 6,000 चा माल आणि 21 दिवसांची मुदत म्हणजे या खात्यावर त्याचे कायम 1,26,000 रुपये अडकलेले असतात. मुदत 35 दिवस झाली की 2,10,000 अडकणार. म्हणजे तुम्ही चौदा दिवस मागितलेत, पण त्याच्या खिशातून 84,000 रुपये मागितलेत. ते तुम्हाला माहीतच नाही असं त्याला दिसलं, तर हे पैसे परत कसे येतील याचाही विचार तुम्ही केलेला नाही, असाच तो समजतो. आणि त्याचं फारसं चुकत नाही.

म्हणून 84,000 हा आकडा तुमच्या तोंडून आधी यायला हवा. मुदत आणि मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच स्पष्ट होतं. मुदत म्हणजे प्रत्येक बिल किती दिवसांत फेडायचं, मर्यादा म्हणजे एकूण बाकी किती चढू द्यायची. खूप ठिकाणी होलसेलर मुदत वाढवायला तयार होतो, पण मर्यादा दीड लाखावरच ठेवतो. मग विसाव्या-पंचविसाव्या दिवशी टेम्पोत माल चढवायच्या वेळी दिवाणजीचा फोन येतो की आधीचं थोडं सोडा, मग माल सोडतो. दुकानदाराला वाटतं शब्द फिरवला. खरं तर मर्यादेबद्दल शब्द झालेलाच नसतो. बोलणीत दोन्ही आकडे सांगा: बिल 35 दिवसांचं, एकूण बाकी 2,10,000 च्या वर जाणार नाही. ही वरची हद्द तुम्ही स्वतःहून घालून घेतली की समोरच्याची निम्मी भीती जाते.

त्याच्या बाजूचं आणखी एक ओझं लक्षात ठेवा. माल विकला त्या महिन्याचा जीएसटी त्याला साधारणपणे पुढच्या महिन्याच्या 20 तारखेपर्यंत भरावा लागतो, तुमच्याकडून पैसे आलेले असोत वा नसोत. शिवाय साखर-तेलासारख्या मालात त्याला सुटतं फार थोडं. त्यामुळे 15 ते 20 तारखेच्या दरम्यान असल्या विषयाला हात घालू नका. आणि जुनं एखादं बिल मुदत उलटून गेलेलं असताना तर मुळीच नको.

"दहा वर्षं तुमच्याकडूनच माल घेतो" हा पुरावा नव्हे

खरेदीचा इतिहास दाखवायचा म्हणजे वर्षाची एकूण खरेदी सांगायची, असा बहुतेकांचा समज असतो. एकवीस-बावीस लाखांची खरेदी ही होलसेलरला चांगली गोष्ट वाटते, नाही असं नाही. पण ती त्याला आधीच माहीत असते. मुदत वाढवायची की नाही हे ठरवताना तो खरेदीपेक्षा फेड बघतो. बिल कोणत्या तारखेचं, पैसे कोणत्या तारखेला आले, चेक परत गेला का, पैसे मागायला माणूस पाठवावा लागला का. तुम्ही बोलायला बसण्याआधी हेच सगळं स्वतःच्या कागदावर उतरवून न्यायचं आहे.

पद्धत सोपी आहे. प्रत्येक बिलाची तारीख, रक्कम, पैसे दिल्याची तारीख आणि मधले दिवस, एवढे चार रकाने. आपल्या उदाहरणातला एप्रिल महिना असा दिसतो:

| बिल | रक्कम | फेड | दिवस |
|---|---|---|---|
| 4 एप्रिल | 42,000 | 23 एप्रिल | 19 |
| 12 एप्रिल | 38,000 | 4 मे | 22 |
| 21 एप्रिल | 55,000 | 19 मे | 28 |
| 29 एप्रिल | 45,000 | 20 मे | 21 |

सरासरी काढताना नुसते दिवस बेरजेला धरू नका, कारण 38,000 चं बिल आणि 55,000 चं बिल सारख्या वजनाचं नसतं. प्रत्येक रक्कम तिच्या दिवसांनी गुणा, सगळ्यांची बेरीज करा आणि एकूण रकमेने भागा. इथे उत्तर जवळपास 23 दिवस येतं. म्हणजे 21 च्या मुदतीत तुमची खरी फेड 23 दिवसांची आहे. हे लपवू नका. त्याच्या संगणकात ते आहेच.

यातलं 21 एप्रिलचं बिल तो बोट ठेवून विचारणार, हे नक्की. तेव्हा उत्तर तयार हवं, आणि शक्य असेल तर त्याने विचारायच्या आधीच द्यावं: "लग्नसराईत एका घरचा तेल-साखर-डाळीचा मोठा माल उधारीवर गेला, त्यांचे पैसे आठवडाभर उशिरा आले. त्यात तुमचं बिल अडकलं." कारण असलेला उशीर आणि कारण नसलेला उशीर यात व्यापारी माणूस मोठा फरक करतो.

पण या सगळ्यापेक्षा मोलाचा पुरावा बहुतेक जण घरीच ठेवून जातात. तो म्हणजे मागचा पावसाळा. गेल्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर तुमची फेड कितीवर गेली होती आणि नोव्हेंबर-डिसेंबरात ती पुन्हा कितीवर आली, हे काढून बघा. समजा पावसाळ्यात ती 31 दिवसांपर्यंत लांबली आणि डिसेंबरात 20 वर आली. या दोन आकड्यांत तुमची सगळी बाजू आहे. मुदत नसतानाही खातं लांबलं होतं, ते हंगामामुळे लांबलं होतं, आणि माल विकला गेल्यावर आपोआप जाग्यावर आलं. आता तुम्ही तीच गोष्ट आधी सांगून, ठरवून करायला मागताय. मागच्या वर्षी ते जाग्यावर आलं नसेल, तर आधी ते का आलं नाही हे शोधायला हवं. त्याबद्दल पुढे बोलू.

खातं न जुळवता बोलायला बसणं

तुमच्या वहीप्रमाणे बाकी 1,22,400 आणि त्यांच्या टॅलीत 1,26,050. असा फरक निघाला की मुदतीचा विषय बाजूला राहतो आणि अर्धा तास कोण बरोबर यावर जातो. वातावरण बिघडतं ते वेगळंच.

हा फरक येतो कुठून? नेहमीच्या तीन-चार जागा आहेत. फुटलेल्या तेलाच्या पाऊचचे किंवा मुदत संपलेल्या बिस्किटांचे पैसे वजा करायचं सेल्समनने कबूल केलेलं असतं, पण क्रेडिट नोट निघालेलीच नसते. स्कीमचा माल किंवा स्कीमची सूट बिलात यायची राहून गेलेली असते. ऑनलाइन पाठवलेले पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर जमा दाखवलेले असतात, विशेषतः दुकानाचं नाव एक आणि बँक खात्यावरचं नाव दुसरं असेल तेव्हा.

आणि सगळ्यात नुकसान करणारी जागा ही: ठोक रकमा. सोमवारी वीस हजार, शुक्रवारी पंधरा हजार, असे पैसे पाठवायचे आणि ते कोणत्या बिलाचे हे सांगायचं नाही. मग दिवाणजी ती रक्कम बिलाला न लावता नुसती खात्यावर जमा करून ठेवतो. बेरीज बरोबर असते, पण बिलवार बाकीचा कागद काढला की मार्चमधलं एखादं बिल अजून उभं दिसतं. शेठ तो कागद बघतो आणि म्हणतो, "तुमचं नव्वद दिवसांचं येणं आहे." तुम्ही तर सगळे पैसे दिलेले असतात. केवळ या एका सवयीमुळे चांगलं खातं वाईट दिसतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

उपाय असा की बोलणी करायच्या आठ-दहा दिवस आधी खाते उतारा आणि बिलवार बाकीची यादी मागून घ्या. व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांत मिळते. आपल्या बिलांशी ओळीने ताडून बघा, राहिलेल्या क्रेडिट नोटा काढून घ्या, ठोक रकमा कोणत्या बिलांना लावायच्या ते लिहून पाठवा. इथून पुढे पैसे पाठवताना शेऱ्यात बिल नंबर टाका. खातं जुळलं की उताऱ्यावर दोन्हीकडच्या सह्या घेऊन ठेवाव्यात. ही सही म्हणजे बाकी कबूल केल्याची लेखी नोंद असते, म्हणून फरक मिटल्याशिवाय ती करू नये.

पैसे नेमके कुठे अडकलेत हे तपासलं नाही

हा भाग जरा सावकाश वाचा. वाढीव मुदत एकाच प्रकारच्या अडचणीवर चालते: पैसा गिऱ्हाइकाच्या वहीत अडकला आहे आणि ठरावीक काळात तो परत येणार आहे. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी घेतली तर ती मुदत राहत नाही, ते कर्ज होतं.

तपासायला दोन तारखा घ्या, मागच्या वर्षीची 31 मे आणि 31 ऑगस्ट. दोन्ही दिवशी गिऱ्हाइकांकडची एकूण उधारी किती होती? दुकानात माल अंदाजे किती होता? होलसेलरची बाकी किती होती? समजा उधारी 90,000 वरून 1,70,000 झाली, माल तेवढाच राहिला आणि होलसेलरची बाकी साधारण तेवढ्याच, म्हणजे ऐंशी हजाराच्या आसपास वाढली. मग चित्र स्वच्छ आहे. 84,000 ची मागणी या 80,000 च्या उधारीशी जुळते. होलसेलरला सांगायला याहून चांगलं काही नाही, कारण तुमची मागणी किती आणि का, दोन्ही एकाच आकड्यात येतं.

पण गिऱ्हाइकांची उधारी जागच्या जागी आणि होलसेलरची बाकी मात्र वाढलेली, असं दिसलं तर पैसा दुसरीकडे गेला आहे. कधी तो फडताळावर पडून असतो: कंपनीच्या माणसाने गळ्यात मारलेली शाम्पूची पेटी, एकदम जास्त घेतलेला मसाला. कधी घरात लागलेला असतो, लग्न, दवाखाना, मुलाची फी. कधी भाव पाडून विकल्यामुळे गल्ल्यात फरक पडलेला असतो. यांपैकी काहीही असेल तर चौदा दिवस मिळाले काय आणि चाळीस मिळाले काय, ते दिवस संपल्यावर फेडायला पैसा येणारच नाही. पडून असलेला माल परत देता येतो का ते बघा. घरच्या खर्चामुळे दुकानाच्या भांडवलात खड्डा पडला असेल तर बँकेचा किंवा मुद्रा योजनेचा रस्ता धरा. शिशु गटात 50,000 पर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळतं, आणि हप्ते लांब पल्ल्याचे असतात. असल्या खड्ड्यासाठी होलसेलरचा शब्द खर्ची घालू नये.

परतीचा रस्ता ठरवलाच नाही

"दिवाळीनंतर सगळं क्लिअर करतो." मनापासून दिलेला हा शब्द सगळ्यात जास्त मोडतो. देणारा लबाड असतो म्हणून नव्हे. त्याने 35 दिवसांवरून 21 वर परत यायचं गणित केलेलं नसतं म्हणून.

ते गणित करू. समजा ठरलं की 15 ऑक्टोबरपर्यंतच्या बिलांना 35 दिवस आणि 16 ऑक्टोबरपासूनच्या बिलांना पुन्हा 21. आता 2 ऑक्टोबरचं बिल 6 नोव्हेंबरला फेडायचं आहे, आणि 16 ऑक्टोबरचं बिलही 6 नोव्हेंबरलाच. पुढचे चौदा दिवस रोज असंच: जुन्या मुदतीचं एक आणि नव्या मुदतीचं एक. दिवसाला 6,000 ऐवजी 12,000 द्यायचे. चौदा दिवसांचे जादा 84,000, म्हणजे जूनमध्ये घेतलेली सगळी सवलत दोन आठवड्यांत परत. आणि हे ऐन दिवाळीच्या आसपास, जेव्हा फराळाच्या सामानाची बिलंही नेहमीपेक्षा मोठी असतात. इथेच चेक परत जातात.

म्हणून मुदत एकदम खाली न आणता आठवड्याला दोन दिवसांनी उतरवायची. पहिल्या आठवड्यातल्या बिलांना 33, मग 31, मग 29, असं करत सातव्या आठवड्यात 21. प्रत्येक आठवड्याला जादा भार 12,000 चा पडतो. तो पेलेल का, हे गिऱ्हाइकांच्या वसुलीवरून बघा. मागच्या वर्षी नोव्हेंबरात आठवड्याला किती जुनी उधारी जमा झाली? पंधरा-सोळा हजार झाली असेल तर बारा हजारांचा शब्द द्या. आठच हजार झाली असेल तर सात आठवड्यांऐवजी अकरा-बारा आठवडे मागा. वसुली जेवढी होते त्यापेक्षा थोडा कमी शब्द द्यावा.

सोयाबीनचा पैसा वेळेवर येईलच असंही धरू नका. काढणीच्या वेळी पाऊस लागला की शेंगा भिजतात. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारण 12 टक्के असते, त्यामुळे माल वाळवत ठेवावा लागतो, आणि विकल्यावरही पैसे खात्यावर यायला दिवस लागतात. भाव पडला तर काही शेतकरी माल घरातच ठेवतात. होलसेलरला हे सगळं ठाऊक असतं, त्याचाही धंदा याच पावसावर आहे. तेव्हा बोलतानाच सांगून ठेवा: काढणी लांबली तर उतरण दोन आठवडे उशिरा सुरू करू, पण त्या काळात नव्या मालाची खरेदी एक तृतीयांशाने कमी ठेवू, म्हणजे बाकी वर जाणार नाही. ही पळवाट नाही, दुसरा रस्ता आधी दाखवून ठेवणं आहे.

दिवाळीचा माल या मुदतीतून वेगळा काढा. रवा, मैदा, बेसन, साखर, वनस्पती तूप हा माल चार-आठ दिवसांत बराचसा रोखीने विकला जातो. त्याला 35 दिवस मागायचं कारणच नाही. तो रोखीने किंवा 21 दिवसांतच फेडतो असं स्वतःहून म्हणा.

दिवसांची किंमत विचारली नाही

मुदत फुकट नसते. होलसेलर कधी उघड सांगतो, कधी बिलाच्या भावात टाकतो. समजा त्याने 35 दिवसांच्या बिलाला एक टक्का जादा लावला. महिन्याच्या 1,80,000 वर ते 1,800 रुपये झाले. यातून तुम्हाला वापरायला मिळतात 84,000. म्हणजे महिन्याला दोन टक्क्यांहून थोडं जास्त, वर्षाला पंचवीस-सव्वीस टक्के. तेच 84,000 बँकेच्या कॅश क्रेडिटमधून 13 टक्क्यांनी वापरले तर महिन्याला साधारण 900 रुपये व्याज पडेल. बँकेची मर्यादा आधीपासून असेल तर आधी ती वापरावी.

रोखीची सूट मिळत असेल तर तीही हिशेबात धरा. सात दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट, अशी पद्धत असेल तर मुदत घेताना तुम्ही ती सोडताय.

मला यात सगळ्यात शहाणपणाची वाटते ती मालवार मुदत. साखर आणि तेल रोखीने किंवा आठवड्यात, कारण तिथे होलसेलरला फार सुटत नाही आणि मुदत दिली तर त्याला परवडतच नाही. मुदत साबण, चहा, मसाले, बिस्किटं, पापड-शेवया अशा मालाला. आपल्या उदाहरणात महिन्याच्या 1,80,000 पैकी साखर-तेल 70,000 चं असेल, तर 35 दिवसांची मागणी उरलेल्या 1,10,000 वरच राहते आणि जादा अडकणारी रक्कम 84,000 वरून साधारण 51,000 वर येते. फक्त साखर-तेलाचे पैसे 21 ऐवजी लवकर द्यावे लागणार, त्याला गल्ल्यात तेवढी रोकड आहे का हे बघूनच हा पर्याय पुढे करा.

एक कायद्याची गोष्ट. पुरवठादार स्वतः उत्पादक असेल, म्हणजे उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु मसालेवाला, फरसाणवाला, तर त्याच्याशी लेखी करार करूनही 45 दिवसांपलीकडे जाता येत नाही, आणि करार नसेल तर 15 दिवसांची मुदत लागू होते. नुसता खरेदी-विक्री करणाऱ्या होलसेलरला ही तरतूद लागू नाही. जीएसटीत नियमित नोंदणी असेल तर आणखी एक: बिलापासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट उलटवावं लागतं.

कोरा चेक देऊन मोकळं होणं

"एक सही करून चेक ठेवा, बाकी काही नको." ओळखीपाळखीत असं घडतं आणि नाही म्हणायला जड जातं. पण सही केलेला कोरा चेक दिला आणि त्यावर नंतर रक्कम कुणी दुसऱ्याने भरली, तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला असं कायदा प्रथम गृहीत धरतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. चेक परत गेला तर होलसेलर 30 दिवसांत नोटीस देतो, नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते.

तारण म्हणून चेक द्यायचाच असेल तर रक्कम भरून द्या, आणि ती ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नको. चेक नंबर, तारीख आणि "वाढीव मुदतीसाठी तारण, खातं 21 दिवसांवर आल्यावर परत" असं एका कागदावर लिहून त्यावर होलसेलरची सही किंवा शिक्का घ्या. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो हेही लक्षात असू द्या.

तोंडी बोलणं तोंडीच ठेवणं

सेल्समनजवळ विषय काढून उपयोग नाही, मुदत द्यायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. काउंटरवर चार गिऱ्हाइकांसमोरही नको. दुपारची वेळ विचारून घ्या, समोर बसून बोला, आणि त्याच संध्याकाळी बोललेलं लिहून पाठवा. साधारण असं:

"नमस्कार शेठ. आज बोलल्याप्रमाणे: 1 जुलै ते 15 ऑक्टोबरच्या बिलांना 35 दिवस मुदत. साखर, तेल आणि दिवाळीचा माल यात नाही. एकूण बाकी 2,10,000 च्या वर जाणार नाही. 16 ऑक्टोबरपासून दर आठवड्याच्या बिलांची मुदत दोन-दोन दिवसांनी कमी होत सातव्या आठवड्यात 21 दिवस. दर सोमवारी बिल नंबर टाकून पैसे पाठवीन. वाढीव मुदतीच्या बिलांना भाव नेहमीचाच राहील असं ठरलं आहे. मागच्या वर्षाच्या फेडीचा तक्ता सोबत जोडला आहे. यात काही बदल असेल तर कळवा."

उत्तर "ठीक आहे" एवढं आलं तरी पुरे. वाद निघाला तर हाच मेसेज दोघांनाही सोडवतो.

तरीही अडलं तर

नकार आला तर तिथल्या तिथे वाद घालू नका, कारण विचारा. मर्यादेची अडचण असेल तर मालवार मुदतीवर या. फेडीचा इतिहास कच्चा असेल तर दोन महिने 21 दिवसांत चोख फेडून दाखवतो, मग 28 दिवसांचा विचार करा, असं म्हणा. 21 वरून 28 ही मागणी 42,000 चीच आहे, आणि पहिल्या वर्षी तेवढी मिळाली तरी खूप झालं.

एक हप्ता चुकणार असं दिसलं तर ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी फोन करा. सोमवारी बारा हजार जादा द्यायचे होते आणि सातच जमले, तर सात सोमवारीच पाठवा आणि उरलेल्या पाचाची तारीख सांगा. पूर्ण जमल्यावर एकदम देऊ म्हणून गप्प बसणं हे होलसेलरच्या लेखी पैसे न देण्यासारखंच असतं.

बाकी चढलेली असताना दुसऱ्या होलसेलरकडून रोखीने माल उचलू नका. भाव दोन रुपयांनी कमी मिळाला तरी नको. टेम्पोवाले तेच, हमाल तेच, सेल्समन चहाला एकाच टपरीवर बसतात. आमचे पैसे थकवून तिकडे रोख देतो, ही बातमी त्याच आठवड्यात पेठेत पोचते आणि पुढच्या पावसाळ्यात कुणीच ऐकून घेत नाही. एखादी वस्तू तुमच्या होलसेलरकडे मिळतच नसेल तर त्याला सांगून दुसरीकडून घ्या.

सातव्या आठवड्यातली बिलं फिटली की पुन्हा एकदा खाते उतारा मागवा. बिलवार यादीत 21 दिवसांपलीकडचं काही उभं आहे का बघा, शंभर-दोनशे रुपयांचे फरक राहिले असतील तर तेही मिटवा, आणि दिलेला चेक परत घेऊन त्याची नोंद कागदावर करून घ्या. जुलै ते डिसेंबरचा फेडीचा तक्ता फाइलला लावा. पुढच्या जूनमध्ये बोलायला बसाल तेव्हा तोच घेऊन जायचा आहे.